क्वेस्ट २ ट्युनिंग, नोंद पुढची: आधी लेन्स, मग हर्ट्झ, शेवटी सुपरसॅम्पलिंग

मागच्या नोंदीनंतर निपाणीचा मित्र बेळगावला घरी आला आणि माझ्या व्हीआर हेडसेटवर असेटो कोर्सा ही गाड्यांच्या शर्यतीची गेम खेळला. म्हणाला, "गाडी झकास पळतीया बघ, पण ब्रेकिंगची पाटी जवळ गेल्याशिवाय वाचायला येईना." यावेळचं सगळं काम त्या पाटीसाठी. सेटअप तोच आहे: क्वेस्ट २, केबल, आरटीएक्स ३०६०, स्टीमव्हीआर.

सुरुवात लेन्सपासून केली, कारण लेन्स चुकीच्या जागी असेल तर कितीही पिक्सेल ओतले तरी ते धूसरच दिसतात. क्वेस्ट २ मध्ये लेन्सच्या अंतराच्या तीनच खाचा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. खडे बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात दोन बुबुळांमधलं अंतर मोजून घेतलं, ६५ आलं. मोजताना दूरच्या नजरेचं अंतर मागा. वाचायच्या चष्म्यासाठी घेतलेलं माप काही मिलिमीटर कमी येतं, कारण जवळ बघताना डोळे आत वळतात. ६३ वर माझा प्रत्येक डोळा लेन्सच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकतो, ६८ वर दीड. म्हणून मधली खाच.

माप नसेल तर एक डोळा मिटून मेनूतला मजकूर बघा. मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना नाकाकडची बाजू जास्त स्वच्छ दिसत असेल, तर लेन्स फार जवळ आहेत. कानाकडची स्वच्छ असेल, तर फार लांब. वर-खाली धूसर वाटत असेल तर खाचेचा संबंध नाही, हेडसेट चेहऱ्यावर वर किंवा खाली बसलाय. तो आधी नीट बसवा.

आता हर्ट्झ, म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती फ्रेम येतात. ९० हर्ट्झला एका फ्रेमसाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात, ७२ ला १३.९. वेळ चुकली की मेटाचं एएसडब्ल्यू हे फ्रेम भरून काढणारं तंत्र मध्ये पडतं: गेम निम्म्या वेगाने फ्रेम देते आणि मधल्या फ्रेम अंदाजाने तयार होतात. गेमचा फ्रेमरेट बरोबर ४५ किंवा ३६ वर चिकटला आणि ट्रॅकच्या कडेचं रेलिंग लाटेसारखं हललं, की समजायचं. चाचणीपुरतं मी ते Ctrl + Numpad 1 ने बंद ठेवलं, म्हणजे खरी घसरण लपत नाही.

मग एकाच ट्रॅकवर, त्याच गाड्यांसह, फक्त स्टीमव्हीआरचं रिझोल्यूशन, म्हणजेच सुपरसॅम्पलिंग, बदलून ग्राफिक्स कार्डाचा वेळ बघितला. मेटाच्या पीसी ॲपमध्ये हर्ट्झ बदलला की रिझोल्यूशनही आपोआप बदलू शकतं, म्हणून ते हाताने एका जागी बांधून ठेवलं. कार्ड चांगलं तापू दिल्यावरच आकडे घेतले, थंड कार्ड उगाच आशा लावतं. १०० टक्क्यांना ८.६ मिलिसेकंद, १५० ला ११.९. म्हणजे ५० टक्के पिक्सेल वाढले की ३.३ मिलिसेकंद वाढतात, आणि सुमारे २ मिलिसेकंद पिक्सेलवर अवलंबूनच नाहीत. या दोन आकड्यांवरून बाकीचं कागदावर निघतं.

मी फ्रेमच्या वेळेपैकी ८५ टक्केच वापरतो. पहिल्या वळणावर धूर आणि गाड्यांची गर्दी झाली की उरलेले १५ टक्के लागतातच. ९० हर्ट्झला हाती येतात साधारण ९.४ मिलिसेकंद, त्यात ११२ टक्के बसतात. ८० ला १०.६, म्हणजे १३०. ७२ ला ११.८, म्हणजे जवळपास १४८.

हे टक्के एकूण पिक्सेलचे आहेत, हे मात्र लक्षात ठेवा. १४८ टक्के म्हणजे आडवं आणि उभं प्रत्येकी फक्त १.२२ पट. ११२ टक्के म्हणजे जेमतेम १.०६ पट, तो फरक मला पाटीवर दिसलाच नाही. १४८ ला मात्र पाटीवरचा "१००" चा आकडा बराच आधी सुटा वाचता येतो आणि कुंपणाच्या तारांचं चमचमणं कमी होतं. मी ७२ हर्ट्झ ठेवलं. पांढऱ्या आकाशाकडे बघताना ज्यांना ७२ ला लुकलुक जाणवते, त्यांनी ८० आणि १३० घ्यावं. माझ्या मते तेही चांगलं आहे.

एका ठिकाणी हे गणित लागू पडलं नाही. कॉम्प्युटरच्या वीस गाड्या उतरवल्यावर ७२ लाही फ्रेम पडल्या. रिझोल्यूशन थेट ६० टक्क्यांवर आणलं, तरी तेवढ्याच पडल्या. म्हणजे अडचण प्रोसेसरची, तिथे सुपरसॅम्पलिंग कमी करून चित्र उगाच बिघडतं. गाड्या बारावर आणल्या, फ्रेमरेट सरळ झाला आणि १४८ टक्के कायम राहिले.

मित्राचं अंतर ६० आहे, त्याच्यासाठी ५८ ची खाच लावायची. पुढच्या फेरीला तो आला की त्याच ट्रॅकवर पावसाची शर्यत लावून १५ टक्क्यांची राखीव पुरते का ते बघणार आहे.