कट्टा म्हणजे लेमूर

गेल्या गणपतीला आमच्याकडे ऐंशी पानं उठली. हॉलचा करार माझ्या नावावर, भाडं माझ्या खात्यातून, आणि वर्गणी कुणी रोख दिली, कुणी बँकेतून, कुणी "पुढच्या वेळी नक्की" म्हणून. आरती चालू असताना माझं अर्धं लक्ष कापराकडे होतं. हॉलचा पडदा पेटला असता तर भरपाई मीच करणार होतो. तेव्हाच ठरलं की आता रीतसर संस्था नोंदवायची.

आम्ही राहतो जर्मनीत, डॅन्यूबकाठच्या उल्म शहरात. इथे संस्थेला फेराइन म्हणतात. कोर्टात नोंद झाली की नावापुढे 'ए. फाउ.' ही दोन अक्षरं लागतात. नोंदणीला किमान सात सभासद लागतात आणि सातही जणांच्या सह्या असलेली घटना लागते. अर्जावरच्या सह्या नोटरीकडून प्रमाणित करून घ्यायच्या. घटनेत उद्देश, नाव आणि गाव हवंच. सात माणसं पाच मिनिटांत मिळाली. घटनेचा मसुदा दोन रविवारांत झाला. नावाला मात्र चार महिने लागले.

सुरुवातीला कुणालाच हा प्रश्न वाटला नव्हता. 'महाराष्ट्र मंडळ' लिहून मोकळं व्हायचं, लंडनला १९३२पासून तेच आहे की! पण आमच्यातलं एक कुटुंब बेळगावचं, एक इंदूरचं, आणि एका वहिनींचं माहेर बडोद्याचं. तिघांच्याही घरात आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. इंदूरचे काका शांतपणे म्हणाले, "मी महाराष्ट्रात एकदाच राहिलोय, आठ दिवस, लग्नाला." महाराष्ट्र गेलं, मराठी आलं.

मग 'मंडळ' अडलं. आमच्या मुलांच्या तोंडात ते 'मंडल' होतं, आणि जर्मन माणसाला त्यातून मंडलाच आठवतो. इथल्या बालवाडीत मुलांना शांत बसवायला गोल नक्षीचे मंडला रंगवायला देतात. माझ्या मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीने तिला विचारलं, "तुझे आईबाबा शनिवारी मंडला रंगवतात?" त्या दिवशी लक्षात आलं की नाव आम्ही एकदाच ठरवणार, पण शाळेत, मैदानावर, ऑफिसात ते समजावत बसायचं मुलांना.

म्हणून एक चाचणी सुरू केली. कुणी नाव सुचवलं की रोमन लिपीत कागदावर लिहायचं आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. निकाल असे लागले: 'जल्लोष'चा 'यालोश', कारण इथे जे हे अक्षर य म्हणून वाचतात. 'संगम'चा 'झांगाम', कारण स्वराआधीचा स झ होतो. 'वारी'ची 'फारी'. 'मराठी'चं 'माराती' होतं, तेवढं आम्ही सोसायचं ठरवलं. मात्र आजींनी विचारलं, "मॅरेथॉनवाले का तुम्ही?"

मोठ्या मुलांना बैठकीला बोलवायची कल्पना बायकोची. तोवर आम्ही 'तरुणांना आपलंसं वाटेल असं नाव' शोधत होतो, पण एकाही तरुणाला विचारलं नव्हतं. पंधरा ते बावीस वयाची सहा जणं आली. पहिला प्रस्ताव आम्हीच उत्साहाने मांडला, 'चिऊ'. कारण उल्मचं प्रतीक चिमणी आहे. गोष्ट अशी सांगतात की चर्च बांधताना एक लांब तुळई वेशीतून आडवी काही आत जाईना. लोक वेस पाडायला निघाले, तेवढ्यात एक चिमणी काडी लांबीच्या बाजूने घरट्यात नेताना दिसली. आपल्याकडे चिऊचं घर मेणाचं, इथे चिऊने इंजिनिअरिंग शिकवलं! आम्ही खूश. मुलं गप्प. मग एकोणीस वर्षांचा एक जण म्हणाला, "काका, या नावाच्या ग्रुपात मी आहे असं मी युनिव्हर्सिटीत नाही सांगू शकत. ते पाळणाघर वाटतं." 'परिवार' आणि 'घरटं' त्याच दमात गेले.

त्याने पुढे जे सांगितलं ते मी वहीत उतरवून ठेवलंय. "मला सगळं कळतं, पण बोलताना चुकतं. 'मी गेली' म्हटलं की सगळे हसतात. ज्या नावात संस्कृती, संवर्धन, वारसा असं असेल ना, तिथे दारातच परीक्षा असेल असं वाटतं." आमच्या यादीतल्या अकरा नावांपैकी सातांमध्ये यातला एखादा शब्द होता.

'कट्टा' सुचवला तो नगरच्या काकांनी, तोही वैतागून. "काही नको, आपण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसल्यासारखे नुसते बसतो, काम काही होत नाही." मुलांनी विचारलं, कट्टा म्हणजे? त्यांनी सांगितलं: बसायचा दगडी ओटा. तिथे बोलावणं लागत नाही, कुणीही येऊन टेकतो, मनात येईल तेव्हा उठतो. आणि मुलं हसायलाच लागली. जर्मनमध्ये कट्टा म्हणजे लेमूर! मादागास्करचा, शेपटीला काळे-पांढरे पट्टे असलेला, इथल्या लहान पोरालाही माहीत असलेला प्राणी. माझ्या मुलीने फोनवर फोटो दाखवला: सात-आठ कट्टे ओळीने बसलेले, पोट उन्हाकडे, हात गुडघ्यांवर. "बाबा, हे तर तुम्ही सगळे." शिवाय त्यांच्या टोळीत हुकूम मादीचा चालतो, ही भर तिनेच घातली.

खालच्या आजींनी पहिल्याच झटक्यात 'कट्टा' अचूक वाचलं. दोन टी असल्यामुळे आधीचा अ ऱ्हस्व राहतो, आणि घोटाळा करणारं एकही अक्षर त्यात नाही. विरोध आला तो घरातूनच. एका वहिनींचे यजमान कानपूरचे. त्यांच्याकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. ते म्हणाले, मी सभासद होतो, पण आईला नाव सांगणार नाही.

नुसतं 'कट्टा' नोंदवू नये हे मात्र मी धरून बसलो. कायद्याप्रमाणे त्याच गावातल्या इतर नोंदणीकृत संस्थांहून नाव स्पष्ट वेगळं हवं, आणि लोकांना आपण प्राणिमित्र वाटून चालणार नाही. म्हणून आधी 'मराठी' आणि शेवटी गाव. गावावर पुन्हा अर्धा तास. पुलापलीकडचं नॉय-उल्म हे वेगळं शहर, राज्यसुद्धा वेगळं, बव्हेरिया. आमची निम्मी कुटुंबं तिकडची. 'मराठी कट्टा उल्म' म्हटल्यावर ती रुसली, म्हणून दोन्ही गावं घेतली, मध्ये तिरपी रेघ देऊन. पुढे नाव बदलायचं तर घटनादुरुस्ती, तीन चतुर्थांश मतं आणि पुन्हा नोटरी. त्यापेक्षा रेघ परवडली.

मुलांनी एक अट घातली, सोळाव्या वर्षापासून मत. ती आम्ही घटनेत घातली. अठराच्या आतल्यांना सभासद व्हायला आईवडिलांची संमती लागते, पण सभेत हात त्यांचा त्यांनीच वर करायचा.

कागद पुढच्या मंगळवारी नोटरीकडे जाणार आहेत. मुलांनी चित्रही तयार ठेवलंय: ओट्यावर बसलेला लेमूर, डोक्याला फेटा. नगरच्या काकांनी चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिलं. "फेटा नीट बांधलाय," म्हणाले, "शेपूट तेवढं गणपतीच्या बॅनरवर नको."