आधी सीट मोजायच्या, मग वजन: गाडीची कॅटेगरी ठरवतानाचा माझा अनुभव

परदेशी जाणाऱ्या गाड्यांच्या मंजुरीची कागदपत्रं मी तयार करतो. फाईल कुठलीही असो, पहिला रकाना कॅटेगरीचा असतो आणि तोच चुकला तर पुढच्या सगळ्या चाचण्या चुकीच्या यादीप्रमाणे होतात. ब्रेक कुठल्या नियमाने तपासायचे, वेगमर्यादक लागणार का, आपत्कालीन खिडक्या किती, हे सगळं त्या दोन-तीन अक्षरांवर अवलंबून असतं. ही अक्षरं संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या पद्धतीतली आहेत. आपल्याकडे एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने काढलेल्या एआयएस-053 या मानकात बव्हंशी तीच चौकट आहे. बव्हंशी म्हणालो, कारण फरक आहे तिथे तो चांगलाच महागात पडतो.

मी प्रश्न ठरावीक क्रमानेच विचारतो. चाकं किती? गाडी माणसांसाठी आहे की मालासाठी? माणसांसाठी असेल तर सीट किती, आणि त्यानंतर वजन. मालासाठी असेल तर बहुतेक वेळा थेट वजन. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो. पाच टनांची गाडी दिसली की लोक लगेच ‘ट्रक’च्या हिशेबाला लागतात, पण तिच्यात 16 प्रवासी बसणार असतील तर ट्रकच्या वजनपट्ट्यांशी तिचा काही संबंध नाही.

दुचाकीचं काम लवकर उरकतं, कारण तिथे सीटही मोजत नाहीत आणि एकूण वजनही नाही. इंजिन किती सीसीचं आणि वेग किती, एवढंच बघतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत 50 सीसी आणि ताशी 50 किलोमीटरपर्यंतची दुचाकी एल-1, त्यापुढची एल-3. आपल्याकडे एल-1 साठी वेगाची मर्यादा ताशी 45 आहे आणि त्यापुढची प्रत्येक दुचाकी एल-2. गंमत अशी, की आंतरराष्ट्रीय पद्धतीत एल-2 म्हणजे तीन चाकांची मोपेड. 125 सीसीच्या स्कूटरच्या कागदावर आपला ‘एल-2’ तसाच उतरवला की तिकडचा माणूस तिसरं चाक शोधत बसतो. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की दुचाकीच्या फाईलवर भारतीय कॅटेगरी पेन्सिलीने लिहितो आणि तिकडची पेनाने. रिक्षा मात्र दोन्हीकडे एल-5. आणि चार चाकं दिसली म्हणजे माणसांच्या गाड्यांचं एम किंवा मालाच्या गाड्यांचं एनच, असंही नाही. हलकी, कमी ताकदीची क्वाड्रिसायकल एल-6 किंवा एल-7 मध्ये जाते.

खरा वेळ जातो तो व्हॅनवर. एकाच पत्र्याच्या सांगाड्यातून मालाची गाडी निघते, नऊ जणांची निघते आणि मिनीबसही निघते. चालक सोडून आठपर्यंत सीट असतील तर एम-1. चालक सोडून आठपेक्षा जास्त सीट आणि कमाल वजन पाच टनांपर्यंत असेल तर एम-2. तेवढ्याच सीट, पण कमाल वजन पाच टनांच्या वर, तर एम-3. म्हणजे एम-1 आणि एम-2 यांच्यातली रेघ सीटची आहे, तर एम-2 आणि एम-3 यांच्यातली वजनाची.

‘चालक सोडून’ हे दोन शब्द कायम डोक्यात ठेवावे लागतात, कारण नियम चालक सोडून मोजतो आणि नोंदणीचा कागद चालकासकट. युरोपीय नोंदणी प्रमाणपत्रावरचे चार रकाने मी सगळ्यात आधी वाचतो. ज्या व्हॅनचं उदाहरण पुढे देतोय, तिचे असे होते:

```
J     M2
S.1   17
F.1   5000
G     3240
```

पहिली ओळ कॅटेगरीची. दुसरी सीटची, चालक धरून, म्हणजे प्रवासी 16. तिसरी ओळ उत्पादकाने ठरवलेलं कमाल भारित वजन. चौथी म्हणजे रस्त्यावर उतरायला तयार गाडीचं वजन, आणि मंजुरीच्या हिशेबात त्यातच इंधन आणि 75 किलोचा चालक धरलेला असतो. या दुसऱ्या ओळीत 9 दिसलं की ‘आठच्या वर गेलं, एम-2’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. नऊ म्हणजे चालक अधिक आठ, म्हणजे एम-1.

सीट मोजताना दुसरी अडचण म्हणजे काढलेली सीट. मागची रांग काढून ठेवली, आता गाडी एम-1 झाली, असं मालक सांगतो. मी फरशीवर टॉर्च मारतो. सीट बसवायचे अँकर तिथेच असतील आणि सहज हाताशी येत असतील, तर युरोपीय नियमात ती जागा सीट म्हणूनच मोजली जाते, वर गादी असो वा नसो. अँकर कापून किंवा वेल्डिंगने कायमचे बुजवले, तरच ती जागा वजा होते. वर प्लास्टिकचं झाकण ठोकून भागत नाही.

आता त्या 17 सीटच्या व्हॅनचा हिशेब. मागणी होती 16 ऐवजी 20 प्रवाशांची. गाडी तीच, उत्पादकाच्या प्लेटवरचं कमाल वजनही तेच, 5000 किलो. सगळे प्रवासी बसलेले, उभं कुणी नाही, अशा छोट्या बसला संयुक्त राष्ट्रांच्या नियम 107 मध्ये दर माणशी 71 किलो धरतात: 68 किलोचा माणूस आणि 3 किलोचं हातातलं सामान. डिकीसाठी दर घनमीटरला 100 किलो. आधीची स्थिती अशी: गाडी 3240, प्रवासी 16 गुणिले 71 म्हणजे 1136, डिकी अडीच घनमीटर म्हणजे 250. बेरीज 4626. हाताशी 374 किलो उरतात आणि कागदावर ते भरपूर वाटतात. गाडीची बॉडी बांधणाऱ्या बॉडी बिल्डरने चार माणसांचे 284 किलो मोजले आणि ‘बसतंय’ म्हणून कळवलं. त्याने चार सीटचं स्वतःचं वजन मोजलंच नव्हतं. बेल्ट आणि पायांसकट एक सीट 25 किलोची, म्हणजे आणखी 100. एकूण 384. बेरीज 5010, म्हणजे मर्यादेच्या दहा किलो वर.

इथे एक गैरसमज हमखास होतो. बेरीज 5010 झाली म्हणून गाडी आपोआप एम-3 होत नाही. कॅटेगरी ठरते ती उत्पादकाने जाहीर केलेल्या कमाल वजनावरून, म्हणजे प्लेटवरून; वजनकाट्यावरून नाही. प्लेट 5000 ची असेल तर गाडी एम-2 च राहते, फक्त 20 प्रवाशांसकट तिला मंजुरी मिळत नाही. उत्पादकाने टायर, स्प्रिंग आणि ब्रेक तपासून प्लेट 5300 ची करून दिली, तर मंजुरीचा रस्ता मोकळा होतो, पण मग ती एम-3 च्या नियमांनी तपासली जाते. प्लेट बदलायचा अधिकार बॉडी बिल्डरला नाही.

डिकी 0.1 घनमीटरने लहान करू, असा उपाय लगेच पुढे आला. दहा किलो कमी, बेरीज बरोबर 5000. कागदावर बरोबर, पण मी अॅक्सलचा हिशेब मागितला. नवी रांग मागच्या अॅक्सलच्या 600 मिलिमीटर मागे येत होती आणि दोन अॅक्सलमधलं अंतर 4000 मिलिमीटर. सीसॉवर जे होतं तेच इथे होतं. 384 किलोचा भार मागच्या अॅक्सलवर 384 न राहता 4600 भागिले 4000 या पटीत पडतो, म्हणजे जवळपास 442 किलो. आणि पुढचा अॅक्सल 58 किलोंनी हलका होतो. मागच्या अॅक्सलवर तेवढी जागा शिल्लक नव्हती. शेवटी 18 प्रवाशांवर तडजोड झाली, नवी जोडी अॅक्सलच्या पुढे घेऊन. दोन सीटचे 50 आणि दोन माणसांचे 142 मिळून 192 वाढले, बेरीज 4818. तिकडच्या मालकाला मी एक गोष्ट वेगळी लिहून कळवली: युरोपात 16 प्रवाशांपर्यंत डी-1 परवाना चालतो, 18 झाले की पूर्ण डी लागतो. गाडीची कॅटेगरी बदललेली नाही, पण चालकाचा परवाना बदलला.

परवाना आणि कॅटेगरी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, हे आपल्याकडेही लागू आहे. मोटार वाहन कायद्यातलं ‘एलएमव्ही’, म्हणजे हलकं मोटार वाहन, 7500 किलोपर्यंत जातं. त्या पट्ट्यात एम-1 येते, एम-2 येते, एन-1 येते आणि एन-2 चा काही भागही येतो. त्याच कायद्यात चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेणारी गाडी ‘ओम्नीबस’ ठरते, म्हणजे सात अधिक एक सीटची गाडी व्याख्येने ओम्नीबस आणि कॅटेगरीने एम-1. आरसीवरचं एलएमव्ही बघून निर्यातीच्या फॉर्मवर एम-1 लिहू नये.

मालाच्या गाड्या वरवर सोप्या आहेत. साडेतीन टनांपर्यंत एन-1, तिथून बारा टनांपर्यंत एन-2, पुढे एन-3. सीटचा प्रश्न उगवतो तो डबल कॅब पिकअपमध्ये. मागे हौदा आणि केबिनमध्ये पाच जण. मग ही मालाची गाडी की माणसांची? युरोपीय नियमात एन-1 साठी चालक सोडून सहापेक्षा जास्त सीट चालत नाहीत, आणि सीट दोनपेक्षा जास्त असतील तर हे जुळावं लागतं:

```
P - (M + N × 68) ≥ N × 68
```

इथे P म्हणजे कमाल भारित वजन, M म्हणजे तयार गाडीचं वजन आणि N म्हणजे चालक सोडून सीट. साध्या भाषेत, माणसं बसल्यावर मालासाठी उरणारं वजन माणसांच्या वजनाइतकं तरी हवं. एका पिकअपची P 2900, M 2150, सीट 4. माणसांचे 272 किलो. मालासाठी उरतात 478, म्हणजे ती आरामात एन-1. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कॅनोपी, विंच, स्टीलचा बंपर आणि मोठी टाकी लावल्यावर M झाली 2360. उरले 268. चार किलो कमी पडले आणि त्या एका मॉडेलची मालगाडी म्हणून मंजुरी अडली, बाकी सगळी मॉडेल्स पास. स्टीलची कॅनोपी काढून 40 किलोंनी हलकी फायबरची बसवली, M आली 2320 वर, मालासाठी 308 उरले आणि फाईल पुढे सरकली. तेव्हापासून पिकअपची फाईल आली की साध्या मॉडेलचं वजन मी बाजूला ठेवतो आणि सगळ्यात जास्त सामान लावलेल्या मॉडेलचा वजनकाट्याचा कागद आधी मागतो.