पाच जण, पाच गावं आणि मधली जागा : माझा अनुभव

आम्ही पाच जण भेटलो, छान भेटलो. तारीख ठरवायला एक संध्याकाळ पुरली होती. जागा ठरवायला मात्र सतरा दिवस लागले, आणि त्यातले निदान बारा दिवस 'मधलं' या एका शब्दापायी गेले. त्याचा त्रास अजून मनात आहे, म्हणून लिहितेय.

आम्ही तिघं पश्चिमेकडे, एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासावरच्या तीन गावांत राहतो. चौथी मैत्रीण उत्तरेला आणि पाचवी पूर्वेला, नदीच्या पलीकडे, एकटीच. जागा मधली असावी हे सगळ्यांना मान्य होतं. मग मी पाचही गावं टाकून मध्यबिंदू काढून देणारं एक पान वापरलं. नकाशावर लाल खूण आली ती धरणाच्या फुगवट्यात, चक्क पाण्यात. काठावरचं सगळ्यात जवळचं गाव धरलं, तर तिथे पूर्वेकडच्या मैत्रिणीला तीन तासांहून जास्त लागत होते. सरळ रेषेत ती जागा तिच्यापासून फार लांब नाही. पण मधे नदी आहे आणि पूल बराच वरच्या अंगाला आहे.

अशी बरीचशी पानं करतात काय, तर पाचही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांची सरासरी काढतात. त्यांना रस्ता दिसत नाही, पूल दिसत नाही, गाडी बदलावी लागते का ते दिसत नाही. हे कळायला मला तीन दिवस लागले. तोवर मी त्या खुणेभोवतीच जागा शोधत बसले होते.

मग कोणीतरी म्हणालं, मत घेऊया. मतात आमच्या पश्चिमेकडच्या शहराला तीन मतं पडली, अर्थात आम्हा तिघांचीच. त्यावर एकाने हिशोबही मांडला : सगळ्यांच्या प्रवासाची बेरीज केली तर तेच शहर सगळ्यात स्वस्त पडतं. बेरीज खरी होती, म्हणून तर मी अडकले. पूर्वेकडची मैत्रीण एवढंच म्हणाली, "मागच्या तिन्ही वेळेला मीच सगळ्यात लांबून आले. बेरजेत मी दिसतच नाही." ते वाचून मला मनापासून वाईट वाटलं. त्या रात्री कागद घेऊन बसले.

बेरजेत ती का दिसत नाही ते साधं आहे. समजा, आम्ही तिघं शहरातच राहतो आणि भेटीची जागा तिथून एक किलोमीटर तिच्या दिशेने सरकवली. आम्हा तिघांचा प्रत्येकी एक किलोमीटर वाढला, म्हणजे तीन. तिचा आणि उत्तरेकडचीचा मिळून जास्तीत जास्त दोन कमी झाला. बेरीज निदान एकाने वाढलीच. म्हणजे निम्म्याहून जास्त जण एकाच कोपऱ्यात असतील, तर बेरीज प्रत्येक वेळी त्यांच्याच दारात येऊन थांबणार, पाचवा माणूस कितीही लांब असो. तीन ठिकाणांसाठी हाच कमीत कमी बेरजेचा प्रश्न फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने 17व्या शतकात मांडला होता. पण तो एकूण अंतराचा प्रश्न आहे. कोणावर किती भार पडतो, याचं उत्तर त्यात नाही.

मग मी नकाशा बंद केला आणि तक्ता केला. उभ्या रांगेत चार जागा, आडव्या रांगेत पाच जणं, आणि प्रत्येक घरात किलोमीटर नाही तर दारापासून दारापर्यंतची मिनिटं. शेवटी दोन रकाने : बेरीज, आणि सगळ्यात मोठा आकडा.

आमचं शहर : 20, 35, 30, 130, 215. बेरीज 430, सगळ्यात मोठा आकडा 215.
धरणाकाठचं गाव : 80, 100, 90, 105, 190. बेरीज 565, मोठा 190.
रेल्वे जंक्शनचं गाव : 95, 105, 100, 110, 130. बेरीज 540, मोठा 130.

पहिले तीन आकडे आमचे, चौथा उत्तरेकडचीचा आणि पाचवा पूर्वेकडचीचा. जंक्शनला आम्हा तिघांचा प्रत्येकी सव्वा तासाच्या आसपास वाढतो, पण तिचे 85 मिनिटं वाचतात आणि सगळे साधारण दीड ते सव्वादोन तासांत पोचतात. धरणाकाठचं गाव तर दोन्ही रकान्यांत जंक्शनला हरतं, म्हणजे ते लगेच बाद.

चौथी जागा उत्तरेकडच्या मैत्रिणीने सुचवली होती. तिथे सगळ्यांना 160 ते 170 मिनिटं लागतात. सगळ्यांना अगदी सारखं, म्हणून ती हटूनच बसली. मला ते पटेना आणि सांगताही येईना. शेवटी दोन ओळी एकाखाली एक लिहून पाठवल्या. जंक्शनपेक्षा तिथे पाचही जणांना जास्त वेळ लागतो, स्वतः तिलासुद्धा 50 मिनिटं जास्त. सारखेपणासाठी सगळ्यांनीच जास्त हाल सोसायचे, याला मी न्याय म्हणणार नाही. दोन ओळी पाहिल्यावर तिनेच ती जागा सोडली.

माझा नियम आता ठरलेला आहे. आधी मोठ्या आकड्याचा रकाना बघायचा आणि तो सगळ्यात कमी असलेली जागा काढायची. दोन जागांत दहा-पंधरा मिनिटांचाच फरक असेल, तेव्हाच बेरजेकडे जायचं.

मिनिटं कशी काढायची हे आधी सांगायला हवं होतं. मी पहिल्यांदा मंगळवारी रात्री बसून बघितलं, तेव्हा पूर्वेकडचीला जंक्शनला 100 मिनिटं दिसली. भेट रविवारी होती. रविवारी गाड्या कमी, त्यामुळे मधल्या स्टेशनवर अर्धा तास थांबावं लागतं, म्हणून 130. वार बदला, 'निघण्याची वेळ' न देता 'पोचण्याची वेळ' द्या, आणि घर ते स्टेशन धरायला विसरू नका. आणि ज्याची त्याने मिनिटं स्वतः तपासून पाठवावीत, कारण रोजची वाट त्यालाच माहीत असते.

परतीचं वेगळं बघा. पूर्वेकडे जाणारी शेवटची सोयीची गाडी सहा वाजता होती, म्हणून आम्ही भेट संध्याकाळऐवजी सकाळी साडेदहाला ठेवली. जागा तीच राहिली, फक्त वेळ बदलून प्रश्न सुटला. हे मला अगदी शेवटी सुचलं, खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

'कुठेही चालेल' हे उत्तर घेऊ नका. दोघांनी तसं लिहिलं होतं, आणि जागा ठरत आल्यावर त्यांच्याच अडचणी निघाल्या. त्याऐवजी विचारा : जास्तीत जास्त किती मिनिटं चालतील, आणि किती वाजता घरी पोचायलाच हवं?

एक मर्यादा सांगते. कोणी एक जण आठ-दहा तासांवर असेल तर माझा नियम चालत नाही. त्या एकासाठी बाकी सगळे तासन् तास ओढले जातात. तिथे त्याच्या भाड्यात सगळ्यांनी वाटा उचलावा, नाहीतर पुढची भेट त्याच्याकडे ठेवावी.

रविवारी जंक्शनच्या पुलावर आम्ही चौघं उभे होतो. पूर्वेकडची गाडी साडेदहाला सहा मिनिटं असताना आली. ती उतरली, हातातलं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "आज पहिल्यांदा मी निघताना बाहेर उजेड होता."