डेटा स्ट्रक्चरचा पेपर आणि काउंटिंग-रॅडिक्सचा दहा मार्कांचा प्रश्न: माझा अनुभव

जळगावला सेकंड इयरला होतो तेव्हाची गोष्ट. रोज भुसावळहून अपडाऊन, आणि डेटा स्ट्रक्चरचा अर्धा अभ्यास गाडीतच व्हायचा, सीट मिळाली तर. बबल, सिलेक्शन, मर्ज, क्विक हे सॉर्ट सगळ्यांचे पाठ असतातच, पण आमच्या मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की काउंटिंग आणि रॅडिक्स या सॉर्टवर तुलनेचा प्रश्न येणार आणि तिथे नुसतं "हे `O(n)` आहे म्हणून भारी" लिहिलं तर मी अर्धे मार्क कापेन. मग पोरांची धावपळ सुरू. एकाने तर सरळ विचारलं, "काय भो, एवढं लिनियर टाइममध्ये होतं तर मग क्विक सॉर्ट शिकवताच कशाला?" प्रश्न बरोबर होता, आणि पेपरातला प्रश्नही शेवटी तोच निघाला, फक्त जरा सुटाबुटात.

आधी काउंटिंग सॉर्टचं बघू कारण रॅडिक्सचा सगळा जीव त्यातच आहे. नोट्समध्ये तीन लूप असतात. पहिला, कोणती किंमत किती वेळा आली ते `C` नावाच्या अ‍ॅरेमध्ये मोजायचं. दुसरा, `C` ची बेरीज पुढे पुढे नेत जायची. आणि तिसरा, प्रत्येक आकडा त्याच्या जागेवर ठेवायचा. पहिले दोन सगळ्यांना कळतात, तिसरा सगळे पाठ करतात, आणि तो उलटा का फिरतो हे मात्र विचारलं की शांतता. रॅडिक्समध्ये एकेका अंकावर चालतो तो तिसरा लूप असा, `A` मध्ये मूळ आकडे, `B` मध्ये लावलेले, आणि `exp` एककाला १, दशकाला १०, शतकाला १००:

```c
for (i = n-1; i >= 0; i--) {
    d = (A[i] / exp) % 10;
    B[--C[d]] = A[i];
}
```

मला हे पंगतीवरून डोक्यात बसलं. वरण-बट्टीची पंगत आहे, प्रत्येक घरची माणसं किती ते मोजून ठेवलंय आणि त्याप्रमाणे प्रत्येक घराच्या पाटांचा पट्टा ठरलाय. बेरीज केलेला `C` आपल्याला त्या घराचा पट्टा कुठे संपतो ते सांगतो, कुठे सुरू होतो ते नाही. म्हणजे आपण पाट भरणार शेवटून. मग रांगेतला माणूसही शेवटूनच उचलायला पाहिजे, तरच रांगेत पुढे असलेला पाटावरही पुढे बसेल. माणसं पुढून उचलली आणि पाट मागून भरले तर एकाच घरच्यांचा क्रम उलटा होतो. समान किंमतीच्या आकड्यांचा मूळ क्रम टिकणं म्हणजे स्टेबल असणं, बास एवढंच.

आता नुसतं काउंटिंग सॉर्ट करून आकडेच हवे असतील तर हा क्रम उलटला काय आणि सुलटला काय, फरक दिसत नाही, दोन ५ मधला कोणता ५ आधी आला कोण विचारतंय. पण रॅडिक्समध्ये एकक, दशक, शतक असं एकेक अंकावर काउंटिंग सॉर्ट चालतं आणि आधीच्या फेरीने केलेलं काम पुढच्या फेरीने टिकवायचं असतं, ते फक्त या स्टेबलपणावर टिकतं.

आमच्या ग्रुपमधल्या एका दोस्ताने इथेच वाद घातला. त्याने तिसरा लूप सुलटा म्हणजे `i = 0` पासून लिहिला होता आणि प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर येत होतं! त्याचे आकडे होते ४२७, ३०५, १२१, ४२८, ३०१, १२७. आम्ही कॅन्टीनमध्ये वहीवर हाताने केलं. सुलट्या लूपने प्रत्येक गटातला क्रम उलटतो, तर एककाच्या फेरीनंतर आलं ३०१, १२१, ३०५, १२७, ४२७, ४२८. दशकाच्या फेरीनंतर ३०५, ३०१, ४२८, ४२७, १२७, १२१. हे बघून मला वाटलं आता फसलंच, पण शतकाच्या फेरीनंतर १२१, १२७, ३०१, ३०५, ४२७, ४२८. एकदम शिस्तीत. दोस्त असा हसला की विचारू नका.

पण नीट बघितलं तर कळतं की त्याच्या आकड्यांमध्ये ज्यांचं शतक सारखं त्यांचं दशकही सारखंच आहे. ४२७ आणि ४२८ ची जोडी दशकाला उलटली, शतकाला परत उलटली, दोनदा उलटून सरळ झाली. म्हणजे कोड चुकलेलाच आहे, फक्त टेस्ट केस त्याला पाठीशी घालतेय. मी ४२८ च्या जागी ४३५ घालायला लावलं. लगेच शेवटी आलं १२१, १२७, ३०१, ३०५, ४३५, ४२७. इथे दोघांची दशकं वेगळी, तो निर्णय दशकाच्या फेरीतच झाला होता आणि त्यानंतर एकदाच उलटला. याहून सोपी तपासणी हवी असेल तर फक्त ४२ आणि ४७ द्या, सुलटा लूप ४७, ४२ असं हातात देतो. दोनच आकडे, दोनच फेऱ्या, कोड खरा की खोटा लगेच समजतं.

पेपरात आम्हाला प्रश्न आला तो असा काहीसा: रॅडिक्स सॉर्ट उदाहरणासह समजावा, तुलनेवर आधारित सॉर्टची खालची मर्यादा `n log n` असताना हे लिनियर कसं ते सांगा, आणि `n` पूर्णांक ० ते `n² - 1` या रेंजमध्ये असतील तर `O(n)` मध्ये सॉर्ट करा. मी उदाहरणाला तेच आकडे घेतले, ४३५ वाले, कारण हात बसला होता. बरोबर लूपने फेऱ्या अशा येतात:

```
सुरुवात : 427 305 121 435 301 127
एकक    : 121 301 305 435 427 127
दशक    : 301 305 121 427 127 435
शतक    : 121 127 301 305 427 435
```

दशकाच्या फेरीत ३०१ आणि ३०५ दोघांचं दशक ०, पण एककाच्या फेरीने ३०१ आधी आणला होता म्हणून तो आधीच राहिला, ही एक ओळ मी बाण काढून बाजूला लिहिली. मॅडमना नुसते चार रकाने नको असतात, स्टेबलपणा नेमका कुठे कामाला आला ते दाखवायला लागतं.

आता मर्यादेचा भाग. इथे बरीच पोरं लिहून येतात की रॅडिक्सने मर्यादा मोडली. काही मोडत नाही. ती मर्यादा फक्त अशा सॉर्टसाठी आहे जे दोन आकडे घेऊन "हा लहान का तो" एवढंच विचारतात. त्याला उत्तरं दोनच, म्हणून `h` प्रश्नांत जास्तीत जास्त `2^h` वेगवेगळे क्रम ओळखता येतात. सहा आकड्यांचे क्रम `6! = 720`. नऊ तुलनांत ५१२ च क्रम वेगळे होतात, दहामध्ये १०२४, म्हणजे सर्वात वाईट वेळी निदान दहा तुलना लागणारच, मग तुम्ही मर्ज लावा का हीप. हेच `n` साठी केलं की `log₂(n!)` येतं आणि ते `n log n` च्या घरात जातं. काउंटिंग सॉर्ट मात्र दोन आकडे समोरासमोर आणतच नाही. तो आकडाच पत्ता म्हणून वापरतो, `C[d]` मध्ये एका झटक्यात दहा दिशांना वाटणी. प्रश्नच वेगळा म्हणून मर्यादा लागू नाही. बदल्यात अट अशी की किंमत छोट्या रेंजमधला पूर्णांक पाहिजे किंवा तसे अंक पाडता आले पाहिजेत, आणि `B`, `C` साठी जादा जागा पाहिजे.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली, की या सहा आकड्यांवर रॅडिक्स हरतो. तीन फेऱ्या, प्रत्येकीला साधारण `n + 10` काम, म्हणजे `3 × (6 + 10) = 48`. साधा इन्सर्शन सॉर्ट जास्तीत जास्त १५ तुलनांत मोकळा होतो. एक पायरी म्हणजे एक तुलना असं काही नसतं हे मान्य, पण अंदाज येतो. `O` मध्ये चांगलं दिसणारं प्रत्येक ठिकाणी चांगलं नसतं हे उदाहरणातच दिसत असेल तर ते झाकायचं कशाला.

शेवटचा भाग खरा मजेशीर. रेंज `n²` पर्यंत आहे बघून हात आपोआप काउंटिंग सॉर्टकडे जातो, आणि तिथेच गाडी घसरते कारण किंमतींची रेंज `k = n²` झाली की `O(n + k)` म्हणजे `O(n²)`, बबल सॉर्टच्या शेजारी जाऊन बसलो. `n = 1000` घ्या. रेंज ० ते ९,९९,९९९. हजार आकड्यांसाठी दहा लाख खणांचा `C` मांडायचा आणि जवळजवळ सगळे खण रिकामे. मर्ज सॉर्ट हेच काम साधारण दहा हजार तुलनांच्या आत करतो. आता दहाच्या बेसचा रॅडिक्स लावला तर सहा फेऱ्या, पण मोठ्या `n` ला अंकही वाढत जातात, कारण `n²` पर्यंतच्या आकड्याला दहाच्या बेसमध्ये `2 log n` च्या आसपास अंक लागतात, म्हणजे फिरून `n log n` च. बेस दहाच ठेवायचा हे कोणी सांगितलंय पण? बेस `n` घ्या. मग प्रत्येक आकड्याला दोनच अंक, `x % n` आणि `x / n`. ४,५७,८१२ ला हजारच्या बेसमध्ये खालचा अंक ८१२ आणि वरचा ४५७. आधी खालच्यावर काउंटिंग सॉर्ट, मग वरच्यावर, प्रत्येक फेरी `n + n`, एकूण `2(n + n)`, हजारला चार हजार. झालं `O(n)`.

बाहेर आल्यावर तोच दोस्त भेटला, म्हणे "आते काय करानं भो, मी तर `n³` असतं तर काय ते पण लिहून आलो." बरोबरच लिहिलं होतं त्याने, तीन अंक आणि तीन फेऱ्या. फक्त घात ठरलेला पाहिजे. रेंज `n^n` पर्यंत सोडली तर अंकच `n` होतात, `n` फेऱ्या आणि काम `n²`. तिथे आकडे मशीनच्या एका वर्डमध्ये मावत नाहीत, दोन आकड्यांची तुलना करायलाही वेळ लागतो, त्यामुळे मर्ज-क्विकशी हिशोब जरा वेगळाच होतो, पण पेपरात त्याने "घात स्थिर असेल तरच" एवढं एक वाक्य टाकलं होतं आणि मॅडमनी त्याच वाक्याखाली रेघ मारून पूर्ण मार्क दिले.