काजूची ऍलर्जी असेल तर इटलीत पेस्तो खाण्याआधी हे वाचा

निघायच्या आधी जिथे वाचलं तिथे हेच लिहिलं होतं की पेस्तो या इटालियन चटणीत तुळशीसारखं बासिलिको, चीज, ऑलिव्ह तेल आणि चिलगोजे असतात. मला काजूची ऍलर्जी आहे, चिलगोजे मला चालतात, त्यामुळे मी बिनधास्त होतो. तिथेच फसलो.

मॉन्तेरोस्सो गावात सकाळी एका काउंटरवरून पेस्तो लावलेला फोकाच्चा, म्हणजे तिथला जाडसर पाव, घेतला. नट्स आहेत का विचारलं तर माणूस म्हणाला "पिनोली", म्हणजे चिलगोजे. मी मान हलवली, पैसे दिले आणि शेजारच्या व्हर्नात्झा गावाच्या पायवाटेला लागलो. ही वाट साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे पण मॉन्तेरोस्सोकडून सुरुवातीलाच दगडी पायऱ्यांचा चढ लागतो, रोज चालणाऱ्याला काही नाही, पण ओठ सुजायला लागले आणि हातावर पित्त उठलं की त्याच पायऱ्या भयानक वाटतात. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, अरुंद वाट, गाडी येण्याचा प्रश्नच नाही. बायकोने गोळी दिली, ऍड्रेनलिनचं इंजेक्शन हातात धरून बसलो, श्वासाला काही झालं नाही म्हणून हळूहळू खाली उतरलो. श्वास लागला किंवा घसा आवळला तर वाट बघू नका, इंजेक्शन घ्या आणि 112 लावा.

परत त्या काउंटरवर गेलो तेव्हा त्याने आतून डबा आणून दाखवला. घटकांच्या यादीत बासिलिको, मग सूर्यफुलाचं तेल, मग ठळक अक्षरात अनाकार्दी, आणि बरंच पुढे पिनोली. अनाकार्दी म्हणजे काजू. ए-एन-ए-सी-ए-आर-डी-आय, हे स्पेलिंग पाठ करा. यादीत जे वजनाने जास्त ते आधी लिहितात, म्हणजे त्या पेस्तोत काजूच जास्त होते आणि चिलगोजे नावाला. चिलगोजे महाग म्हणून तयार पेस्तोत काजू घालतात, हे तिथे सर्रास आहे. तो माणूस खोटं बोलला नव्हता, पिनोली होतेच, मी प्रश्न चुकीचा विचारला. "नट्स आहेत का" नाही, "ची सोनो अनाकार्दी?" म्हणजे "काजू आहेत का?" असं थेट नाव घेऊन विचारा आणि डबा बघायला मागा. सुट्या पदार्थाला लेबल नसलं तरी ऍलर्जीची माहिती देणं दुकानदाराला बंधनकारक आहे, त्यामुळे मागताना संकोच करायचं कारण नाही.

त्यानंतर उरलेले सगळे दिवस मी सुपरमार्केटमध्ये लेबलं वाचत होतो. युरोपियन युनियनच्या नियमानुसार 14 ऍलर्जीकारक गोष्टी यादीत ठळक किंवा वेगळ्या दिसतील अशा छापाव्या लागतात, काजू, बदाम, अक्रोड त्यात येतात, चिलगोजे येत नाहीत. म्हणून ज्यांना चिलगोजेच चालत नाहीत त्यांनी फक्त ठळक शब्दांवर जाऊ नये, अख्खी यादी वाचावी.

"फ्रुत्ता आ गूशो" दिसलं की फळं समजू नका. फोनने मला त्याचं "कवचातली फळं" केलं होतं, त्यातून काय कळणार! बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते, हेझलनट हे सगळं त्यात येतं. शेंगदाणे मात्र येत नाहीत, ते वेगळे, "आराकिदी" (यात सी-एच आहे, त्याचा उच्चार क). आणि इथे अजून एक सापळा आहे. "नोच्चोले" म्हणजे हेझलनट, पण "नोच्चोलिने" म्हणजे बोलीभाषेत शेंगदाणे. घाईत वाचलं तर दोन्ही एकच वाटतात. उलट "नोचे मोस्काता" बघून घाबरू नका, नोचे म्हणजे अक्रोड असला तरी हे जायफळ आहे.

"पुओ कॉन्तेनेरे त्राच्चे दि" म्हणजे "चे अंश असू शकतात". हे छापणं कंपनीच्या मर्जीवर आहे. ते दिसलं तर खाऊ नका, पण दिसलं नाही म्हणजे त्याच मशीनवर काजू गेलेच नाहीत असं धरू नका. माझ्या मते तीव्र ऍलर्जी असेल तर तयार पेस्तो पूर्ण बंद ठेवा, एवढी चव काही त्यात नाही.

अंड्याची ऍलर्जी असणाऱ्यांसाठी एक गोष्ट त्याच डब्यावर सापडली. ग्राना पादानो चीजपुढे कंसात "लिसोत्झिमा" आणि "उओवो" होतं. उओवो म्हणजे अंडं, लिसोत्झिमा हे त्यातलंच एक प्रथिन, चीज टिकवायला ते घालतात. पार्मिज्यानो रेज्यानो या दुसऱ्या चीजमध्ये ते घालायला परवानगी नाही, त्यामुळे अंडं चालत नसेल तर ते घ्या. दूध दोन्हीत आहेच.

फ्लॉरेन्स, पिसा छान झालं. व्हर्नात्झाची वाट दुसऱ्या दिवशी पूर्ण केली, खिशात घरून नेलेले खाकरे होते.