बीपीच्या औषधांचा तक्ता भाचीला समजावताना

माझी भाची सोलापुरातच बीएस्सी नर्सिंग करते. मी मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स, त्यामुळे परीक्षा जवळ आली की ती वही घेऊन जुळे सोलापूरला आमच्याकडे मुक्कामाला येते. यंदा अडलं होतं बीपीच्या औषधांच्या तक्त्यावर. गट, औषधं, काम कसं करतं, दुष्परिणाम असे चार रकाने. लिहिलेलं सगळं बरोबर होतं, पण वही मिटली की कोरडा खोकला ॲम्लोडिपिनच्या वाट्याला जायचा आणि पायाची सूज एनालाप्रिलच्या.

मी शेवटच्या रकान्यावर फूटपट्टी ठेवली. म्हटलं, "हा पाठ करायचाच नाही. तिसरा रकाना नीट समजून घे आणि चौथा त्यातून काढून दाखव."

"असं कसं निघेल, मावशी?"

एनालाप्रिलपासून सुरुवात केली. एसीई नावाचं एन्झाइम अँजिओटेन्सिन एकचं दोन करतं. हे दोन नंबरचं रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर घालवतं. मग एसीई अडवलं तर? "वाहिन्या सैल, बीपी खाली," ती म्हणाली. आणि पोटॅशियम? जरा थांबून म्हणाली, "बाहेर जाणार नाही. वाढेल." चौथ्या रकान्यातली एक ओळ अशी तिची तिनेच काढली.

खोकला मात्र यातून निघत नाही. त्यासाठी एसीईचं दुसरं काम माहीत पाहिजे, जे तिच्या तक्त्यात नव्हतंच. हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडतं. ते अडवलं की ब्रॅडिकायनिन साठतं, श्वासमार्ग चाळवतो आणि कोरडा खोकला लागतो. क्वचित ओठ, जीभ, चेहरा सुजतो, तेव्हा गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना बोलवायचं. श्वास अडकू शकतो.

टेल्मिसार्टन, लोसार्टन हे सार्टन लोक एसीईला हात लावत नाहीत, अँजिओटेन्सिन जिथे जाऊन चिकटतं ती जागाच अडवतात. त्यामुळे ब्रॅडिकायनिन मोडत राहतं आणि खोकला सहसा होत नाही. पोटॅशियम मात्र इथेही वाढतं. दोन्ही गट गरोदरपणात चालत नाहीत, एवढं वेगळं लक्षात ठेवावं लागतं.

ॲम्लोडिपिनच्या सुजेवर आम्ही बराच वेळ घालवला, कारण ही सूज पाणी साठल्याची असते असं तिला वाटत होतं. ही गोळी कॅल्शियम अडवून बारीक रोहिण्या सैल करते, पुढच्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. पाटाचं वरचं दारं मोकळं सोडलं आणि पुढची वाट तेवढीच ठेवली तर पाणी काठावर येतं, तसं केशवाहिन्यांतलं पाणी घोट्याशी झिरपतं. म्हणूनच लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही.

नावाच्या शेपटीवरून गट ओळखायची युक्ती तिला कॉलेजात शिकवली होती. प्रिल, सार्टन, ओलोल यांना ती चालते. पण नुसतं 'पीन' धरून तिने कार्बामाझेपिनही बीपीच्या रांगेत बसवलं होतं, ते तर फिट्सचं औषध. शेपूट 'डिपिन' अशी पूर्ण धरायची. उलट व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम कॅल्शियम अडवणारेच, पण त्यांना ती शेपूट नाही, आणि ते ॲटेनोलोलसारखी नाडीही मंद करतात.

रात्री भाकरी थापता थापता मी तिला एक पेशंट तयार करून दिला. साठीचे आजोबा, एनालाप्रिल चालू, महिनाभर कोरडा खोकला, ताप नाही, छाती साफ. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन लिहिलं. पायाला सूज असल्याने स्पायरोनोलॅक्टोनही जोडलं. नातेवाईक विचारतात, उन्हाळा आहे, रोज दोन शहाळी देऊ का? तू काय करशील?

खोकल्याचं तिने चटकन सांगितलं. पुढे अडखळली, मग फूटपट्टी आठवल्यासारखी बोटाने मोजायला लागली. टेल्मिसार्टनने अल्डोस्टेरॉन कमी होतं, स्पायरोनोलॅक्टोन उरलेल्या अल्डोस्टेरॉनलाही अडवतं, म्हणजे पोटॅशियम दोन्हीकडून वाढणार. "आणि शहाळ्यातही पोटॅशियमच असतं ना?" असतं, भरपूर. म्हणजे शहाळी थांबवून डॉक्टरांना विचारायचं, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघायचा. वाढलेल्या पोटॅशियमची अडचण अशी की पेशंटला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही आणि थेट हृदयाचे ठोके बिघडतात. लक्षणाची वाट बघून चालत नाही.

मग तिने तक्त्याला पाचवा रकाना आखला, 'देण्याआधी काय बघायचं'. प्रिल आणि सार्टनपुढे बीपी, पोटॅशियम, क्रिएटिनिन. ओलोलपुढे बीपी आणि नाडी, साठच्या खाली असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवणं. शेजारी बारीक अक्षरात तिने दमा आहे का तेही लिहिलं, आणि ते का लिहिलं हे मला सांगून मगच झोपायला गेली.