आनुवंशिकीचा सराव-संच: एक्स-लिंक्ड कप्पा लागला

वर्गातल्या वहीतली गणितं क्रॉसच्या प्रकारानुसार वेगळी करण्याचं काम पुढे सरकलंय. मोनोहायब्रिड आणि डायहायब्रिड पटकन लागले, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. वेळ खाल्ला तो एक्स-लिंक्ड कप्प्याने. त्यातली निम्मी गणितं वरवर पाहता मोनोहायब्रिडच वाटतात.

मॉर्गनच्या फळमाश्यांचंच उदाहरण घ्या. लाल डोळ्यांची मादी XᴿXᴿ, पांढऱ्या डोळ्यांचा नर XʳY. (पुस्तकात w असतं, पण हाताने लिहिताना W आणि w सारखेच दिसतात, म्हणून मी R घेतलाय.) F1 सगळी लाल. आता XᴿXʳ × XᴿY ची चौकट:

```
      Xᴿ      Y
Xᴿ   XᴿXᴿ    XᴿY
Xʳ   XᴿXʳ    XʳY
```

तीन लाल, एक पांढरी. म्हणजे 3:1, आणि हात आपोआप मोनोहायब्रिडच्या कप्प्याकडे जातो. पण नर-मादी वेगळे मोजा: माद्या सगळ्या लाल, नर मात्र निम्मे पांढरे. मॉर्गनने 1910 साली दिलेले आकडे असे: लाल माद्या 2459, लाल नर 1011, पांढरे नर 782, पांढरी मादी एकही नाही. एकत्र केले तर 3470 ला 782, म्हणजे जवळपास 4.4:1, 3:1 सुद्धा धड बसत नाही. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या कमी जगतात, त्यामुळे तो आकडा घसरतो. म्हणून या संचात मी गुणोत्तर आधी विचारतच नाही, नर आणि मादी असे दोन रकाने आधी भरायला लावतो.

हा उपाय सगळीकडे चालत नाही, हे खरं मजेशीर. F1 मादी XᴿXʳ आणि पांढरा नर XʳY घेतला की चौकटीत चारही प्रकार समसमान येतात: लाल मादी, पांढरी मादी, लाल नर, पांढरा नर. मॉर्गनला 129 लाल माद्या, 132 लाल नर, 88 पांढऱ्या माद्या, 86 पांढरे नर मिळाले. दोन्ही रकाने सारखेच, त्यामुळे साध्या ऑटोसोमल टेस्ट क्रॉसपासून हे वेगळं ओळखता येत नाही. ओळखायचं तर याच क्रॉसमधली पांढरी मादी लाल नराशी जुळवायची: XʳXʳ × XᴿY. मुली सगळ्या लाल, मुलगे सगळे पांढरे. ऑटोसोमल असतं तर मुलगे-मुलींत असा फरक पडलाच नसता.

त्यामुळे या कप्प्यात सुटं गणित ठेवलेलं नाही. प्रत्येक क्रॉससोबत त्याचा उलटा क्रॉस, आणि दोन्ही चौकटी शेजारी-शेजारी रिकाम्या. रंगांधत्वाची गणितं मात्र वेगळी ठेवलीत, कारण माणसांत उलटा क्रॉस करून पाहता येत नाही. तिथे वंशवृक्षच लागतो. तो भाग अजून वहीतच आहे.